रेकॉर्डेड धडा की थेट फोन? आधी 35 चा घोळ समजून घ्या

नवी मुंबईत दिघा, तुर्भे स्टोअर्सकडच्या बऱ्याच घरांत एकच कीपॅडवाला फोन असतो आणि तो सकाळी बाबांबरोबर साइटवर जातो, रात्री आठपर्यंत परत येतो. म्हणजे मुलांना फोनवरून शिकवायचं तर रेकॉर्डेड धडा असो नाहीतर बाईंचा थेट फोन, मिळतो तो तासभरच, जेवणाच्या आसपासचा.

रेकॉर्डेडचा मोठा फायदा हाच, की मूल मिस्ड कॉल देतं, सिस्टीम उलट फोन करते, पैसे कापले जात नाहीत आणि तोच धडा हवा तितक्या वेळा ऐकता येतो. थेट फोनला मात्र वेळ जातो हो, वीस मुलं धरली आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली तर आठवड्याचे पाच तास गेले, आणि तेही सगळे त्याच रात्रीच्या तासात कोंबायचे.

मग सगळं रेकॉर्डच करून टाकावं का? तिसरीची हातच्याची वजाबाकी घ्या. रेकॉर्डिंगमध्ये विचारलं 52 मधून 27 गेले किती, उत्तराची बटणं दाबा. मुलाने दाबलं 35. आता हे कुठून आलं? एक तर त्याने लहान आकडा मोठ्यातून काढला, 7 मधून 2 गेले 5, किंवा दशक फोडून 12 मधून 7 बरोबर काढले पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरला. दोन्हीकडे 35 च येतात, आणि दोघांना शिकवायचं मात्र वेगवेगळं. फोनवर बाई नुसतं "कसं केलंस, सांग" म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात कळतं.

पण रेकॉर्डिंगही जरा हुशार करता येतं. 52 ऐवजी 53 द्या. आता पहिली चूक 34 देते, दुसरी 36, बरोबर उत्तर 26. तीन उत्तरांना तीन वेगळे पुढचे मेसेज लावा. फक्त एककांमधला फरक 5 ठेवायचा नाही, नाहीतर परत तोच घोळ. प्रश्नानंतर वीसेक सेकंद गप्प राहा, पोराला फोन कानावरून काढून वहीत मांडायचं असतं.

भाषेसाठी मी रेकॉर्डिंगवर फार भरवसा ठेवणार नाही. साध्या कॉलमध्ये वरच्या पट्टीतला आवाज कापला जातो, स आणि श तिथेच गोंधळतात. गोष्ट ऐकवा, श्रुतलेखन नको.

बोत्स्वानात 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फोनवरून गणित शिकवून पाहिलं होतं, तिथेही नुसत्या एसएमएसपेक्षा एसएमएस आणि आठवड्याला एक छोटा फोन हेच जास्त चाललं. म्हणून माझं मत असं, की पाढे, सराव, गोष्टी रेकॉर्डेडवर टाका, आणि पाच तासांऐवजी दोनच मिळत असतील तर फोन फक्त 34 आणि 36 वाल्यांना करा.

आणि शाळेत पालक भेटतील तेव्हा सिस्टीमचा आणि बाईंचा असे दोन्ही नंबर त्यांच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या, अनोळखी नंबर लोनवाल्यांचा समजून कोणी उचलतच नाही.