बिलात थर्मल पेस्ट, आत तीच वाळकी भुकटी

मी इंदुरात रामबागेत राहते, घरूनच हिशेबाची कामं करते. मेपासून लॅपटॉपचा फॅन मिक्सरसारखा घोंघावायला लागला. मोठी एक्सेल फाइल उघडली की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन एकदम काळी, ना निळा पडदा, ना सूचना. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच वीज तोडतं, म्हणून असं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बाजारातल्या एका दुकानात दिला. "मॅडम, सर्व्हिसिंग और पेस्ट, दोनों कर देंगे," म्हणाले. पेस्ट म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप. १,२०० रुपये घेतले, तासाभरात परत दिला. दोन दिवस फॅन शांत होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परत गेले तर सांगितलं, "मदरबोर्ड गया," आणि खर्च ९,०००. मी जवळजवळ हो म्हणणारच होते.

त्या रात्री आतेभाऊ घरी आला. त्याने आधी HWiNFO64 हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडे पाहिले. काहीच काम चालू नसताना ६८ डिग्री, आणि फाइल उघडताच अर्ध्या मिनिटात ९८. माझ्यासारख्या बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरची हद्द १०० च्या आसपास असते. "ताई, बोर्ड खराब असता तर थंड असतानाही बंद पडला असता," तो म्हणाला. शंभर टक्के खात्री अशी देता येत नाही, पण उघडून पाहायला हे कारण पुरेसं होतं.

चार्जर काढून, मागचं झाकण उघडून त्याने सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा थर बसला होता, अगदी नमद्यासारखा, चिमटीत धरून अखंड निघाला. दुकानात बाहेरून ब्लोअर मारला असणार. त्याने थर थोडा सरकतो, हवेला वाट मिळते, दोन दिवसांनी तो परत जाळीवर बसतो. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, म्हणजे हीटसिंक, उचलला तर पेस्ट वाळून करडी झालेली, नखाने भुकटी पडत होती. नवी पेस्ट तासाभरापूर्वी लावली असो की महिन्यापूर्वी, ती अशी कधीच दिसत नाही.

आयसोप्रोपाइल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली. बऱ्याच हीटसिंकवर स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे असतात, माझ्याही होते. स्क्रू त्याच क्रमाने, प्रत्येक थोडाथोडा असे आवळले, नाहीतर एक बाजू उचललेली राहते. आता रिकामा ४९, आणि तीच फाइल उघडल्यावर ८३ वर थांबतो. एकदाही बंद पडलेला नाही.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. तुम्ही लॅपटॉप देण्याआधी हे दोन आकडे घरीच लिहून ठेवा आणि परत आल्यावर त्याच फाइलवर पुन्हा पाहा. आणि झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा. "अंदर मैडम लोग नहीं आते," असं मला सांगितलं, तेव्हाच मी लॅपटॉप उचलून निघायला हवं होतं.