दहा कोरचा लॅपटॉप घ्यावा का आठ कोरचा? (गेमिंगला वेगळं उत्तर, ऑफिसला वेगळं)

मागच्या रविवारी मामांचा फोन. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे, ऑफिसला एक लॅपटॉप पाहिजे आणि पोराला गेमिंगसाठी एक. सांगलीतल्याच एका दुकानात दोन मॉडेल बघून आलेले, एकात i5-1235U आणि दुसऱ्यात i5-12450H, दोन्हीत १६ जीबी रॅम आणि छोटं ग्राफिक कार्ड. दुकानदार म्हणाला पहिल्यात दहा कोर आहेत, दुसऱ्यात आठच. झालं, पोरगं हट्टाला पेटलं, दहावाला मला आणि आठवाला पप्पांना!

आता गंमत बघा. कागदावर दोन्ही चिप जुळ्या वाटतात, थ्रेड दोन्हीत १२, कॅश १२ एमबी आणि जास्तीत जास्त स्पीडही ४.४ गिगाहर्ट्झच. पण १२३५यू मधले दहा म्हणजे २ पी-कोर आणि ८ ई-कोर, आणि १२४५०एच मधले आठ म्हणजे ४ पी आणि ४ ई. पी-कोर एका वेळी दोन थ्रेड घेतो, ई-कोर एकच, म्हणून बेरीज दोन्हीकडे १२ येते. पी म्हणजे परफॉर्मन्स, मोठा आणि पळणारा. ई म्हणजे एफिशियन्सी, लहान आणि कमी वीज खाणारा, चिपवर एका पी-कोरच्या जागेत साधारण चार ई-कोर बसतात. अर्थात ई-कोर अगदीच टाकाऊ नाहीत, २०२१ मध्ये इंटेलने स्वतः त्यांची तुलना २०१५ च्या स्कायलेक कोरशी केली होती. म्हणजे सहाव्या पिढीचा i5 अजून ज्यांच्या ऑफिसात चालू आहे त्यांना ई-कोर काय करू शकतो ते माहितीच आहे.

गेममध्ये काय होतं, तर एक मुख्य थ्रेड असतो, त्याचं काम झाल्याशिवाय पुढची फ्रेम निघत नाही, आणि त्याच्या जोडीला दोन-चार जड थ्रेड. चार पी-कोर असले की या सगळ्यांना बरी जागा मिळते, दोनच असले की उरलेले ई-कोरवर जातात आणि मग सगळ्यात हळू गड्यासाठी बाकीचे थांबतात. ॲव्हरेज एफपीएस कदाचित बरा दिसेल पण मध्येच एखादा झटका बसतो, नेमकं स्मोक टाकून आत घुसताना.

त्याहून मोठा फरक मात्र त्या शेवटच्या अक्षराचा आहे आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. यू चिपची बेस पॉवर १५ वॅट, एचची ४५. यू पण थोडा वेळ ५५ पर्यंत उडी मारते, म्हणून दुकानातल्या दोन मिनिटांच्या डेमोत दोन्ही सारखेच पळतात, पण घरी अर्धा तास गेम चालला की यू खाली बसते. हे बघायचं असेल तर चार्जर लावून गेम वीस-पंचवीस मिनिटं चालवा आणि मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये स्पीडचा आकडा बघा, सुरुवातीपेक्षा बराच घसरलेला असला तर समजायचं.

ऑफिसचं वेगळं. मामांकडे टॅली, एक्सेलच्या पट्ट्या, क्रोममध्ये जीएसटी पोर्टल, व्हॉट्सॲप वेब आणि मागं अँटीव्हायरस. समोरची विंडो पी-कोरवर आणि मागची किरकोळ कामं ई-कोरवर असं विंडोज ११ बऱ्यापैकी वाटून देतं (विंडोज १० ला ते तितकं जमत नाही, जुनी कॉपी टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा). खात्री करायची तर टास्क मॅनेजरच्या Details मध्ये EXCEL.EXE वर राइट क्लिक, Set affinity. १२३५यू वर CPU 0 ते 3 हे पी-कोरचे थ्रेड, 4 ते 11 ई-कोर. फक्त ई ठेवून मोठी शीट चालवून बघा, रिकॅल्क्युलेशन रेंगाळेल पण टायपिंगला फरक कळणं अवघड. टॅली अडकते ती बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे नाहीतर नेटवर्कमुळे, कोरमुळे नव्हे.

एकच खोड सांगतो, व्हिडिओ रेंडरला लावून विंडो मिनिमाइज केली की विंडोज कधी कधी त्याला मागचं काम समजून ई-कोरवर ढकलतं आणि वेळ भलताच वाढतो. पॉवर मोड Best performance वर टाकायचा, नाहीतर विंडो उघडी ठेवायची.

डेस्कटॉपवाल्यांनी तर यात फार डोकंच घालू नये. i5-12400 मध्ये ६ पी आणि ई शून्य, i5-13400 मध्ये ६ पी आणि ४ ई, गेमिंगमध्ये दोघांत किरकोळ फरक, तेच पैसे ग्राफिक कार्डात घाला. रेंडरिंग करत असाल तर मात्र ते चार ई-कोर कामाला येतात.

मामांना सांगितलं, अदलाबदल करा. मामा खूश, हलका लॅपटॉप आणि चार्जरपण लहान. पोरगं अजून धुमसतंय, मित्रांना आठ कोर सांगायला लाज वाटते म्हणे.