चूक झाकणारा वॉर्ड आणि चूक नोंदवणारा वॉर्ड

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे औषध देण्याचे पाचही राइट्स तोंडपाठ असूनही नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा हात चुकतो. समजा, १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत भरलं. ते अर्धा मिली झालं; रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट गेले.

जिथे लगेच मेमो मिळतो, तिथे विद्यार्थिनी गप्प राहते. रुग्णाला दरदरून घाम फुटल्यावरच साखर तपासली जाते, आणि हा गेलेला वेळ भरून निघत नाही. जिथे आधी ‘काय घडलं’ विचारतात, तिथे ती त्याच क्षणी सिस्टरांना सांगते. डॉक्टरांना बोलावतात, साखर पुन्हापुन्हा तपासतात, ग्लुकोज हाताशी ठेवतात. नोंदीतून कळतं, ४० आणि १०० युनिटच्या दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या. त्या वेगळ्या होतात. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा मात्र इथेही माफ नसतो.