इन, ऑन की ॲट? पत्रिकेवरच्या एका ओळीचा हिशोब

आईची पंचाहत्तरी आहे, रविवारी, ८ फेब्रुवारी २०२६ ला, आणि पत्रिका मराठीत तर झाली पण अमेरिकेतल्या भाच्याच्या बायकोला मराठी वाचता येत नाही म्हणून एक इंग्रजी कार्डपण हवं होतं. धाकटी भाची म्हणाली मावशी मी लिहिते, आणि तिने लिहिलं पण छान, फक्त ओळ अशी होती: 'इन संडे मॉर्निंग, ऑन ८ फेब्रुवारी, ॲट १०, ऑन द हॉल, ॲट सेकंड फ्लोअर, ॲट अन्नपूर्णा रोड, इन इंदूर'. सातपैकी तीन बरोबर. मग आम्ही दोघी चहा घेऊन बसलो आणि एकेक शब्द बघितला, ते इथे लिहितेय कारण या चुका मराठी बोलणाऱ्या घरात हमखास होतात, आणि त्यामागे कारण आहे.

कारण म्हणजे आपल्या विभक्त्या. आपण म्हणतो '८ तारखेला ये, दहाला ये', दोन्हीकडे तोच ला. इंग्रजीत तारखेला ऑन लागतो आणि घड्याळाच्या वेळेला ॲट. आपण म्हणतो 'रविवारी, सकाळी, रात्री, घरी', शेवटी तीच ई, पण इंग्रजीत ऑन संडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट, ॲट होम. म्हणजे एका ई चे तीन वाटे होतात. मराठी प्रत्यय बघून इंग्रजी शब्द निवडायला गेलं की गोंधळ होणारच, त्यामुळे प्रत्यय विसरून असं विचारायचं: मी सांगतेय तो एक ठिपका आहे, एक दिवस किंवा रेघ आहे, की ज्याच्या आत काही मावतं असा मोठा भाग आहे?

ठिपका असेल तर ॲट: ॲट १०, ॲट नून, ॲट मिडनाइट. दिवस असेल तर ऑन: ऑन संडे, ऑन ८ फेब्रुवारी, ऑन रंगपंचमी, ऑन हर बर्थडे. दिवसापेक्षा लांब काही असेल तर इन: इन फेब्रुवारी, इन २०२६, इन समर. फेब्रुवारी एकटा आला तर इन, पण त्याच्यासोबत ८ आला की लगेच ऑन, इथे फार लोक अडकतात कारण महिन्याचं नाव डोळ्यासमोर असतं.

दिवसाचे भाग मात्र वेगळे लक्षात ठेवा. मॉर्निंग, आफ्टरनून, इव्हनिंगला इन, आणि नाइटला ॲट, हे असंच आहे, त्याला ठिपक्याचं गणित लागत नाही. 'इन द नाइट' पण चालतं पण त्याचा अर्थ रात्रीत कधीतरी, म्हणजे रात्री मध्येच जाग आली वगैरे.

आता भाचीची पहिली चूक, 'इन संडे मॉर्निंग'. ती म्हणाली, मावशी मॉर्निंगला तर इन असतं ना? असतं, पण एकट्या मॉर्निंगला. वाराचं नाव किंवा तारीख जोडली की वार जिंकतो: ऑन संडे मॉर्निंग, ऑन द मॉर्निंग ऑफ ८ फेब्रुवारी. नाइटचंपण तसंच, ॲट नाइट पण ऑन संडे नाइट. एवढी एक गोष्ट पक्की झाली तरी अर्ध्या चुका जातात असं माझं मत आहे. आणि अजून एक, नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी आले की काहीच लावायचं नाही. 'कमिंग ऑन नेक्स्ट संडे' लिहू नका, नुसतं 'नेक्स्ट संडे'.

मग आला हॉल. आपण म्हणतो 'हॉलवर या', 'स्टेशनवर भेटू', 'राजवाड्यावर भेटू', म्हणून तिने ऑन द हॉल लिहिलं. इंग्रजी वाचणाऱ्याला ते हॉलच्या छपरावर असं वाटेल. भेटायची जागा असेल तेव्हा ॲट: ॲट द हॉल, ॲट द स्टेशन, ॲट राजवाडा. इन आणि ॲटमध्ये निवड करायची असेल तर असं बघा, 'मीट मी ॲट राजवाडा' म्हणजे त्या चौकात, समोर, कुठेही आसपास, आणि 'इन राजवाडा' म्हणजे वास्तूच्या आत. आमच्या कार्डवर दोन्ही कामाला आले: फंक्शन ॲट द हॉल, पण जेवण इन द हॉल आणि फोटो ऑन द टेरेस, कारण तिथे पाहुण्यांना नेमकं आत जायचंय की वर गच्चीत ते सांगायचं होतं. उलटी गंमत 'लग्नात भेटलो' मध्ये आहे, आपल्याकडे त, पण तिथे ॲट द वेडिंग, ॲट द फंक्शन, कारण कार्यक्रम हे भेटायचं ठिकाण धरतात.

मजल्यावर आणि रस्त्यावर मात्र आपली वर कामाला येते: ऑन द सेकंड फ्लोअर, ऑन अन्नपूर्णा रोड. तिथे तिने उगाच ॲट लिहिलं होतं. पण हो, घर नंबर आला की रस्ता रेघ राहत नाही, ठिपका होतो, म्हणून ॲट २१२ अन्नपूर्णा रोड. कॉलनी आणि शहर असेल तर इन: इन सुदामा नगर, इन इंदूर. म्हणजे एकाच घराचं 'इन इंदूर', 'ऑन अन्नपूर्णा रोड', 'ॲट २१२' तिन्ही बरोबर, तुम्ही किती जवळून सांगताय त्यावर. ब्रिटिश लिखाणात रस्त्याच्या नावाला इन पण दिसतो, ते चूक नाही, पण कार्ड लिहिताना ऑनच लिहावं, ते दोन्हीकडे चालतं.

अमेरिकेतल्या पाहुण्यांमुळे एक बघावं लागलं. ते लोक बोलताना वारासमोरचा ऑन सोडून देतात, 'द पार्टी इज संडे', आणि वीकएंडला ऑन म्हणतात, ब्रिटिश ॲट म्हणतात. दोन्ही बरोबर, एका कार्डात एकच ठेवा. पण खरा धोका आकड्यांचा, ८/२/२०२६ लिहिलंत तर तिकडे ते २ ऑगस्ट वाचतील, म्हणून महिन्याचं नाव अक्षरात लिहा.

शेवटी ओळ अशी झाली: 'ऑन संडे, ८ फेब्रुवारी २०२६, ॲट १० इन द मॉर्निंग, ॲट द हॉल ऑन द सेकंड फ्लोअर, ऑन अन्नपूर्णा रोड, इंदूर'. शहराआधीचा इन आम्ही काढला, कारण पत्त्यात स्वल्पविराम पुरतो. लिफाफ्यावर तर एकही नको, नाव, घर नंबर, रस्ता, कॉलनी, शहर, पिन, बस. फक्त आईच्या माहेरच्या गावचं पाकीट होतं, तिथे मराठीत मु. पो. लिहितात आणि इंग्रजीत ॲट पोस्ट, तो ॲट तसाच राहू दिला, पोस्टमनला तोच ओळखीचा आहे.