यात्रेवर क्षेत्रकार्य: तीर्थस्थळी ठाण मांडावं की जथ्यासोबत चालावं?

यात्रेवरच्या संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना बहुतेक जण संमतीपत्राच्या मसुद्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरलेली बरी: तुम्ही तीर्थस्थळी ठाण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना भेटणार, की एका जथ्यासोबत वाट चालणार? संमती कोणाकडून, कधी आणि कशी घ्यायची, हे त्यावरच अवलंबून असतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

ठाण मांडण्याची बाजू लंगडी नाही. चालू न शकणारे किंवा गाडीने येऊन तासाभरात परतणारे यात्रेकरू तिथेच भेटतात; जथ्यात ते दिसतच नाहीत. झाडलोट करणारे, दुकानदार, पूजाविधी सांभाळणारे असे सगळे हाताशी असतात. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर आणि एडिथ टर्नर यांनी 1978 मध्ये म्हटलं होतं की यात्रेत रोजची उतरंड सैल होते आणि बरोबरीचा भाव येतो. त्यावर 1991 मध्ये जॉन ईड आणि मायकेल सॅलनाऊ यांनी हरकत घेतली: तीर्थस्थळ म्हणजे वेगवेगळ्या गटांच्या अर्थांची रस्सीखेच. सोबत चालणाऱ्याला पहिली गोष्ट सहज दिसते आणि ठाण मांडणाऱ्याला दुसरी. म्हणून तुम्ही काहीही निवडा, आपल्या जागेवरून काय दिसणार नाही, ते प्रस्तावात लिहून टाका. एथिक्स कमिटीलाही ते आवडतं, असा माझा अनुभव आहे.

माझं मन फिरलं ते गळ्यातल्या ओळखपत्रामुळे. तीर्थस्थळी रोज बसायचं तर व्यवस्थापनाची परवानगी लागते आणि तिच्यासोबत बहुधा ओळखपत्रही येतं. ते गळ्यात पडलं की यात्रेकरूंच्या लेखी तुम्ही व्यवस्थापनाचेच. मी माहितीपत्रक वाचून दाखवायचो, ‘नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही’ हे दोनदा सांगायचो. समोरच्या बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, अंगठा द्यायच्या आणि विचारायच्या, “मग साहेब, आम्हाला आत लवकर सोडाल ना?” कागद नियमात बसणारा होता, पण ती संमती नव्हती, रांग टाळण्याच्या आशेपोटी दिलेला होकार होता. ओळखपत्र खिशात ठेवलं तर पहारेकरी हटकायचे. यातून सुटायची वाट मला तरी सापडली नाही.

जथ्यात निदान वेळ मिळतो. समजा, जथा 40 जणांचा आहे. म्होरक्याची परवानगी म्हणजे फक्त सोबत चालण्याची मुभा. तिला इतरांची संमती समजायचं नाही, हे प्रस्तावात स्पष्ट लिहायचं. पहिल्या मुक्कामी सगळ्यांसमोर आपण कोण, काय टिपणार ते सांगायचं. मुलाखतीआधी प्रत्येकाला एकेकटं विचारायचं आणि यात्रा संपल्यावर, कोणाच्या नजरेखाली नसताना, पुन्हा विचारायचं. नकाराची वाट वेगळी ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संशोधकाच्या तोंडावर नाही म्हणणं जड जातं. म्हणून स्वयंपाक पाहणाऱ्या बाईंसारख्या, सगळ्यांशी बोलणं असलेल्या कोणाला तरी, त्यांची तयारी असेल तर, सांगून ठेवायचं: ज्याला नको असेल त्याने तुम्हाला सांगावं, नकाराचं कारण मी विचारणार नाही. त्या माणसाबद्दलची टिपणं त्याच रात्री खोडायची.

सही हवीच, असा कमिटीचा आग्रह असेल तर दोन आधार आहेत. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेची 2012 ची तत्त्वं संमतीच्या नमुन्यापेक्षा तिच्या गुणवत्तेला महत्त्व देतात. अमेरिकेच्या सुधारित संघीय नियमांनुसार, सही करण्याची रीत नसलेल्या समुदायात, जोखीम किमान असेल आणि संमतीची नोंद ठेवायची दुसरी योग्य सोय असेल, तर सहीतून सूट मिळू शकते. तुमची कमिटी त्या नियमाखाली येत नसली तरी युक्तिवाद उपयोगी पडतो. ती दुसरी सोय कोणती, हे मात्र लिहायला हवं: तारीख, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, काय सांगितलं आणि काय उत्तर मिळालं.

पवित्र जागेसाठी मी प्रस्तावात तीन पट्टे आखतो. वाटेवर उघडपणे टिपायचं. मुक्कामी सांगून टिपायचं. आतल्या भागात वही, रेकॉर्डर, फोन काही नाही. बाहेर आल्यावर फक्त स्वतःला काय जाणवलं तेवढं लिहायचं. शेजारच्याने पुटपुटलेला नवस कानावर पडला तरी तो आपल्या सामग्रीत धरायचा नाही, मग तो माणूस एरवी मुलाखतीला तयार असला तरीही. व्यवस्थापनाने आत टिपायला परवानगी दिली, तरी ती त्या माणसाची परवानगी होत नाही.

चालण्यातही दबाव असतोच. जथ्यात सगळे हो म्हणत असताना एकट्याने नाही म्हणणं सोपं नसतं. एकापाठोपाठ एक मुलाखतीत म्होरक्याचीच वाक्यं ऐकू येऊ लागली, की थोडे दिवस वही मिटून नुसतं चालावं. तरीही हा दबाव ओळखता येतो आणि त्यावर थोडंफार काही करताही येतं. ओळखपत्राबाबत मला ते जमलं नाही.

तुमचा प्रश्नच व्यवस्थापन, गर्दी किंवा जागेवरच्या हक्कांचा असेल, तर ठाण मांडण्याला पर्याय नाही. मुलाखती मात्र आवाराबाहेर घ्या, त्याही लोक परत निघाल्यावर, म्हणजे आत सोडण्याचा विषयच उरत नाही. बाकी कुठल्याही प्रश्नासाठी, पाय आणि वेळ साथ देत असतील तर, मी जथ्यासोबत जाईन.