कार्डावर सनद १९८७ ची, माणूस चाळिशीचा

एकेचाळीस हजार पाचशे. एका तोतया वकिलानं माझे एवढे घेतले. आकडा आधीच सांगतो, कारण गावात कोणी साठ म्हणतं, कोणी लाख. निकालाच्या नकलेचे २,०००, फीचे १५,०००, कोर्ट फी म्हणून ६,५००, स्टेसाठी म्हणजे निकालाला स्थगिती मिळवायला ८,००० आणि 'जिल्ह्याच्या मोठ्या वकिलाला उभं करायला' १०,०००. शेवटचे दोन फोनवरून पाठवले, म्हणून तेवढ्या अठरा हजारांचा पुरावा आहे. बाकीचे हातात दिले. दोन बोकड विकून, पोळ्याच्या आधी.

भांडण धुऱ्याचं. शेजाऱ्यानं दावा केला होता की माझ्या वहितीत त्याचे १२ आर आहेत. गेल्या वर्षी ५ ऑगस्टला तालुक्याच्या कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. माझा तेव्हाचा वकील म्हणाला, अपिलात फार दम नाही, विचार करून या. मला राग आला. आपलीच फी घेऊन आपल्यालाच 'दम नाही' म्हणतो! आता वाटतं तो माणूस खरं बोलत होता. पण त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या चहाटपरीवर जो भेटला, तो म्हणाला, "काकाजी, ह्या निकालात तर भोकंच भोकं हायेत." मला हेच ऐकायचं होतं.

काळा कोट, पांढरे बॅन्ड, बगलेत फायली. कार्ड दिलं. त्यावर 'ॲडव्होकेट' आणि खाली सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक, MAH/ मग आकडा, मग /1987. मी तो चष्मा लावून, मोठ्यानं वाचला. आणि मनात म्हटलं, सत्याऐंशीची सनद, अनुभवी माणूस दिसतो. समोर बसलेल्याचं वय फार तर चाळीस. सनद मिळाली तेव्हा तो पाळण्यात नाही तर रांगत असेल. बैल घेताना मी दात मोजतो, बियाण्याच्या थैलीवरची तारीख पाहतो, आणि इथे साल डोळ्यासमोर असून वजाबाकी केली नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा ते कार्डच दिसतं.

दुसरी गोष्ट तर ह्याहून वाईट. तिसऱ्या भेटीत आम्ही टपरीवर बसलो होतो. आतून एक वकीलबाई आल्या आणि हाक मारली, "ए मुन्शी, इकडे ये." हा पटकन उठून गेला. परत आल्यावर हसला, म्हणाला, मॅडम आपली चेष्टा करतात. मीही हसलो. पुढे कळलं की हा अनेक वर्षं एका वकिलाकडे मुन्शी, म्हणजे कारकून होता, मग तिथून काढला गेला. म्हणूनच नक्कल त्यानं अगदी खरी आणून दिली. ८ ऑगस्टला अर्ज, २१ ला शिक्क्याची नक्कल हातात. त्या एका खऱ्या कागदापायी मी पुढच्या सगळ्या खोट्या कागदांवर विश्वास ठेवला.

इथे मुदतीचं नीट सांगतो, कारण माझं खरं नुकसान पैशाचं नाही, मुदतीचं आहे. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील निकालापासून ३० दिवसांत करावं लागतं. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात. म्हणजे ४ सप्टेंबर ऐवजी मला १८ सप्टेंबरपर्यंत वेळ होता. ह्यानं मला १२ सप्टेंबरला फोनवर सांगितलं, "अपील दाखल झालं," आणि एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ऑक्टोबरात म्हणाला, स्टे झाला. टाईप केलेल्या कागदाचा फोटोही पाठवला. मी तो फोटो शेजाऱ्याला दाखवून मिशीवर ताव दिला होता, हेही लिहून टाकतो.

मार्चमध्ये बेलिफ आला. शेजाऱ्यानं निकाल अमलात आणायची दरखास्त लावली होती. मी फोन पुढे केला, "स्टे आहे." बेलिफ भला माणूस, कागद मोठा करून पाहिला आणि विचारलं, "सीएनआर नंबर कुठाय काका?" मला तो काय असतो तेच माहीत नव्हतं. प्रत्येक केसला १६ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, महाराष्ट्रातला MH नं सुरू होतो. माझ्या चिठ्ठीवर होता साधा आकडा आणि साल.

नागपूरचा भाचा रविवारी आला आणि त्यानं अर्ध्या तासात सगळं उघडं पाडलं. services.ecourts.gov.in वर, आधी जिल्हा न्यायालय निवडून माझ्या नावानं अपील शोधलं. काही नाही. मग Case Status मध्ये Advocate असा भाग आहे, त्यात Bar Code निवडलं, कार्डावरचा क्रमांक आणि 1987 टाकलं. आमच्या जिल्ह्यात काहीच आलं नाही. शेजारच्या जिल्ह्याचं कोर्ट निवडलं तर केसेसची रांग आली, आणि वकिलाचं नाव भलतंच. क्रमांक खरा होता. माणूस दुसरा होता. "मामाजी, नंबर खरा हाये का हे पाहून उपयोग नाही, नंबरासमोर नाव कोणाचं हाये ते पाहा," असं भाचा म्हणाला आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

एवढ्यावर मी थांबलो नाही, कारण ह्या साइटवर तो वकील ज्या कोर्टात केसेस चालवतो तेवढंच दिसतं. नव्या वकिलाचं तिथे काहीच नसू शकतं, म्हणून तो खोटा ठरत नाही. खरी यादी बार कौन्सिलकडे असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच कौन्सिल आहे, मुंबईत, आणि ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ प्रमाणे वकिलांची नोंदवही तिथेच ठेवली जाते. कार्डाचा फोटो जोडून तीन गोष्टी विचारल्या: ह्या क्रमांकावर नाव कोणाचं, ती व्यक्ती हयात आहे का, सनद आज चालू आहे का. तिसरा प्रश्न भाच्यानं टाकायला लावला. कारण वकील पूर्णवेळ नोकरीला लागला की त्याला वकिली थांबवावी लागते, आणि शिस्तभंगात सनद निलंबितही होते. नाव यादीत असणं आणि आज कोर्टात उभं राहता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर आलं, क्रमांक दुसऱ्याच गृहस्थांचा.

एलएलबीची पदवी भिंतीवर लावली म्हणजे वकील झाला असंही नाही. पदवी कॉलेजची, सनद कौन्सिलची. आणि तालुक्याच्या वकील संघाचं सभासदत्व म्हणजे सनद नाही.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. कोणत्या ते सांगत नाही, मला अजून तिथे जायचंय. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, पण बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी हवालदारानं विचारलं, "पैसे तुमी स्वतःहून दिले ना? कोणी चाकू लावला होता का?" मी म्हटलं, नाही. "मग ही दिवाणी बाब आहे." दिवाणी! दिवाणीच तर बुडाली माझी! मी म्हटलं, वकील नसताना वकील म्हणून पैसे घेतले, ही तोतयेगिरी नाही का? तर म्हणे, वकिलाची तक्रार बार कौन्सिलकडे करा. भाच्यानं समजावलं की कौन्सिलची शिस्तीची कारवाई यादीतल्या वकिलावर होते. हा यादीतच नाही, म्हणून तर आम्ही इथे आलोय. हवालदार म्हणाला, तसं त्यांच्याकडून लिहून आणा. म्हणजे खरा वकील फसवेल तर त्याच्यावर कारवाईला जागा आहे, आणि खोट्यानं फसवलं तर कुठेच नाही. मग कोणीतरी पुस्तक काढून सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम ४५ आहे, अधिकार नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. पण साहेब म्हणाले, तो कोर्टात उभाच राहिला नाही ना! बरोबर आहे. टपरीवरच बसला. म्हणून तो सुटला का?

भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे आणि तोतयेगिरीनं फसवण्याला ३१९. ही दोन कलमं अर्जात स्वतः लिहा, तिथे कोणी सुचवणार नाही. माझा अर्ज सात फेऱ्यांनंतर पोच देऊन घेतला. पोचेवर 'चौकशीवर' एवढंच. मग सगळं पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर टपालानं पाठवलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. टपालाची पावती कपाटात आहे. तो अजून त्याच टपरीवर बसतो, फक्त कार्ड बदललंय असं ऐकतो.

लोक म्हणतात, एवढा शिकलेला भाचा होता तर आधी का विचारलं नाही. कारण वकिलाला 'सनद दाखवा' म्हणायची हिंमत होत नाही, हे उत्तर. आपण 'साहेब' म्हणून उभे राहतो. डॉक्टरकडेही तेच. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावायचा नियम आहे, पण आपण भिंतीवर टोकनचा नंबर पाहतो. कार्ड हातात पडलं की त्याचा फोटो काढून घरच्या शिकलेल्या पोराला पाठवा आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्या. वकीलपत्रावर सही करताना सनद क्रमांक लिहिलेला आहे का आणि वकील कल्याण निधीचं तिकीट आहे का ते पाहा, माझ्या वकीलपत्रावर नव्हतं. दाखल झालं म्हणाला की सीएनआर मागा, त्याच बैठकीत फोनवर टाकून पाहा. कारण सनद खरी असून केस दाखल न करणारेही असतात, ते कुठल्याच नोंदवहीत दिसत नाही. रोख दिली तर पावती. पावती मागितल्यावर तोंड वाकडं केलं तर उठा.

मी परत पहिल्याच वकिलाकडे गेलो. तोंड वर करवत नव्हतं. तरी विचारलं, साहेब, कौन्सिलचं ओळखपत्र दाखवता का. ते क्षणभर पाहत राहिले, मग पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं. मी नाव वाचलं, क्रमांक वाचला, साल वाचलं आणि त्यांच्या केसांकडे पाहून वजाबाकी केली. ते काही बोलले नाहीत. सहा महिन्यांच्या वर उशीर झालाय, म्हणून अपिलाबरोबर उशीर माफ करण्याचा अर्ज लावलाय, फसवणुकीची पोच जोडून. मंजूर होईलच असं त्यांनी सांगितलं नाही. वकीलपत्रावरचं तिकीट ह्या वेळी मी स्वतः चिकटवलं. १२ आरात आता शेजाऱ्याची तूर उभी आहे.