पावसाळ्याआधी ब्रेक पॅड : रिम ब्रेक आणि डिस्क ब्रेकची झीज ओळखणे व योग्य पॅड निवडणे

आमच्या कोथरूडच्या घरात सध्या दोन सायकली आहेत. माझी रोजच्या वापराची सायकल व्ही-ब्रेकची आहे, तर भाचीने गेल्या वर्षी घेतलेल्या सायकलीला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत आणि ती दर रविवारी सिंहगडाचा घाट चढते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन्ही सायकलींचे पॅड एकाच दिवशी तपासले. दोन्हीकडे घर्षणाने झिजणारा एक तुकडाच असला, तरी त्याची झीज समजण्याचा मार्ग आणि नवा तुकडा निवडण्याचा निकष दोन्हीकडे वेगळा असतो. एका प्रकारची सवय दुसऱ्याला लावली की चूक होते, म्हणून दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे आहे.

रिम ब्रेकचा पॅड, ज्याला आपण सर्रास ब्रेक रबर म्हणतो, तो डोळ्यांसमोरच असतो. त्याच्या घर्षणाच्या बाजूला आडव्या खाचा असतात आणि बऱ्याच पॅडवर झिजेची मर्यादा दाखवणारी रेषाही कोरलेली असते. खाचा दिसेनाशा झाल्या किंवा रबर त्या रेषेपर्यंत आले की तो पॅड संपला. शिवाय वायरचा ब्रेक असल्याने रबर झिजेल तशी लिव्हर हँडलबारच्या जवळ येत जाते आणि बोटांनाच झीज कळते. मात्र इथे एक फसगत होते. लिव्हर जवळ आली की आपण वायर ताणून घेतो, पकड परत आल्यासारखी वाटते आणि खाचांकडे पाहायचे राहून जाते. त्यात व्ही-ब्रेकच्या भुजा रिमच्या खालच्या बाजूला फिरत असल्याने, रबर पातळ झाले की भुजा अधिक आत झुकते आणि पॅड रिमच्या पट्ट्यावरून हळूहळू खाली, आऱ्यांच्या दिशेने सरकतो. माझ्या मागच्या चाकाचा उजवा पॅड असाच खाली आला होता. त्याच्या वरच्या भागातले रबर झिजले होते आणि खालच्या कडेला न झिजलेल्या रबराची बारीक पाळ उरली होती. अशी पाळ रिमच्या कडेखाली अडकली तर ब्रेक सोडल्यावर पॅड मागे येत नाही, म्हणून वायर ताणण्याआधी पॅडची उंची आणि खाचा पाहाव्यात.

डिस्क ब्रेकमध्ये, विशेषतः हायड्रॉलिकमध्ये, लिव्हर झिजेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. पॅड पातळ होत जातो तसा पिस्टन आपोआप थोडा पुढे येऊन थांबतो आणि लिव्हरचा प्रवास पहिल्या दिवसासारखाच राहतो. भाचीच्या म्हणण्यानुसार ब्रेक ‘एकदम मस्त’ होता, आणि तिचे म्हणणे खरेही होते. म्हणून इथे डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. कॅलिपरच्या एका बाजूला पांढरा कागद धरून दुसऱ्या बाजूने टॉर्च लावून पाहिले की धातूची पाठ, तिला चिकटलेला घर्षणाचा थर आणि मधली रोटरची चकती असे तीन पट्टे वेगळे दिसतात. शंका राहिली तर चाक काढून पॅड बाहेर घ्यावेत आणि व्हर्नियरने मोजावेत. चाक बाहेर असताना लिव्हर मात्र दाबू नये, कारण समोर रोटर नसल्याने पिस्टन नको तितके बाहेर येतात.

भाचीच्या पुढच्या ब्रेकचा पॅड पाठीसह 2.6 मिलिमीटर भरला. पाठ 1.8 मिलिमीटरची होती, म्हणजे घर्षणाचा थर 0.8 मिलिमीटर उरला होता. शिमानोच्या पॅडसाठी हा थर 0.5 मिलिमीटर झाला की पॅड बदलावा, हा सर्वमान्य मापदंड आहे. श्रॅमच्या अनेक ब्रेकसाठी मात्र पाठ आणि थर मिळून 3 मिलिमीटरच्या खाली गेले की बदलायला सांगितले जाते. म्हणून आपल्या ब्रेकला कोणता मापदंड लागू आहे, हे आधी पाहून घ्यावे. 0.8 हा आकडा शिमानोच्या मर्यादेच्या वर असला, तरी मी तो पॅड बदलायला सांगितला, कारण पावसात घाटातला चिखल पॅड आणि रोटर यांच्यात घासकागदासारखे काम करतो आणि कोरड्या दिवसांत महिनाभर पुरेल एवढा थर तेव्हा फार लवकर उडतो. थर पूर्ण संपला की पाठीचा धातू रोटरला खाऊ लागतो. त्याआधी दोन पॅडमधली स्प्रिंग रोटरला घासून खरखर आवाज येऊ शकतो, पण त्या आवाजाची वाट पाहू नये.

ज्यांच्याकडे वायरवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा बऱ्याच ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो आणि रोटरला किंचित वाकवून स्थिर पॅडवर टेकवतो. त्यामुळे दोन पॅडची झीज सारखी असेलच असे नाही. दोन्ही वेगवेगळे पाहावेत आणि झीज भरून काढताना केवळ वायर न ताणता पॅडजवळचा स्क्रू फिरवून स्थिर पॅडही रोटरच्या जवळ आणावा.

झिजेच्या हिशोबात ब्रेक ज्यावर घासतो तो भागही धरायला हवा, आणि माझ्या मते दोन्ही प्रकारांतला सर्वांत मोठा फरक इथेच आहे. डिस्कचा रोटर झिजला तर चकती बदलता येते. शिमानोचा नवा रोटर सुमारे 1.8 मिलिमीटर जाडीचा असतो आणि 1.5 ला तो बदलायचा असतो. भाचीचा 1.7 निघाला, म्हणजे अजून चालणारा. रिम ब्रेकमध्ये मात्र झिजते ते चाकच. रिमच्या बाजूवर स्टीलच्या पट्टीची कड आडवी टेकवून पाहिली आणि मध्ये पोकळी दिसली, किंवा रिमवर कोरलेली झिजेची खाच अथवा ठिपका नाहीसा झाला, तर नवे रबर घेण्यात अर्थ नाही. अशी पातळ झालेली भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने बाहेर फाटते, आणि तेही अनेकदा हवा भरताना किंवा जोरात ब्रेक दाबताना. माझ्या मागच्या रिमची खाच स्पष्ट होती, म्हणून मी फक्त पॅड बदलले.

रिम वेळेआधी का झिजते, याचे उत्तर जुन्या रबरातच सापडते. पॅड उन्हात उलटा धरला तेव्हा त्यात तीन-चार ठिकाणी चकाकणारे बारीक कण दिसले. ते रिमचेच ॲल्युमिनियम होते. पावसात रस्त्यावरची बारीक खडी रबरात रुतते, ती रिमचे कण कापते, ते कणही रबरात रुततात आणि मग पॅड कानशीसारखा चालू लागतो. ब्रेक दाबल्यावर करकर आवाज येत असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. सुईने किंवा बारीक टोकाच्या चिमट्याने कण काढून वरचा चकचकीत थर घासकागदाने उडवला की पुरेसे जाड असलेले रबर पुन्हा कामाला येते. अंगठ्याचे नख दाबूनही ज्यात उमटत नाही, ते वर्षानुवर्षांच्या उन्हाने टणक झालेले रबर मात्र जाड असले तरी टाकून द्यावे.

आता निवडीकडे. रिम ब्रेकसाठी पहिला प्रश्न रिम कशाची आहे हा. ॲल्युमिनियमला साधे रबर चालते, तर कार्बनला खास कार्बनचे पॅड लागतात. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बनच्या चाकाला लावू नयेत, कारण रुतलेले कण कार्बनला ओरखडतात. दुसरा प्रश्न रबराच्या जातीचा. पुण्यात रोज पावसात चालवणाऱ्याला मी मऊ, पावसासाठी बनवलेल्या रबराची शिफारस करेन. ते बहुधा फिकट तांबूस रंगाचे असते, ओल्या रिमवर लवकर पकडते आणि रिमही कमी खाते. थोडे लवकर झिजले तरी रबराची किंमत चाकापुढे नगण्य आहे. शक्य असेल तर फक्त रबर बदलता येणारा, धातूच्या खोबणीचा पॅड घ्यावा. रबर बसवताना खोबणीची बंद बाजू चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला, म्हणजे पुढे असावी. उलट बसवल्यास जोरात ब्रेक दाबताच रबर खोबणीतून निसटून जाऊ शकते.

डिस्कच्या बाबतीत निवड वेगळ्या क्रमाने करावी लागते. आधी आकार, मग रोटर आणि शेवटी मिश्रण. आकारात तडजोड होत नाही. भाचीला एका दुकानातून ‘हाच बसतो’ म्हणून दिलेला पॅड घरी आणल्यावर वरच्या कानाचे भोक जुळले नाही आणि अर्धा दिवस वाया गेला. जुना पॅड सोबत नेऊन त्यावर तो ठेवून पाहावा. त्यानंतर रोटरवरची बारीक अक्षरे वाचावीत. तिच्या रोटरवर RESIN PAD ONLY असे कोरले होते, म्हणजे तिथे धातूच्या चुऱ्याचे सिंटर्ड पॅड वापरता येत नाहीत. ते मऊ पोलादाचा तो रोटर लवकर खातील. ज्यांच्या रोटरवर असे बंधन नाही, त्यांनाच खरी निवड उरते. रेझिन पॅड शांत असतात, पहिल्या दाबापासून पकडतात, पण चिखलात भरभर झिजतात आणि लांब उतारावर फार तापले तर त्यांची पकड मंदावते. सिंटर्ड पॅड पावसात व उष्णतेत जास्त टिकतात, पण आवाज करतात आणि कॅलिपरकडे जास्त उष्णता नेतात. माझा कौल असा की शहरात रोज ये-जा करणाऱ्याने रेझिन घ्यावे, आणि पावसाळाभर घाट उतरणाऱ्याने रोटर परवानगी देत असेल तर सिंटर्ड घ्यावे. भाचीपुढे आता रेझिन एवढाच पर्याय होता. म्हणून पावसाळ्यात दर तिसऱ्या रविवारी पॅडची जाडी मोजायची, असे आम्ही ठरवले.

बसवण्यातही दोन्हीकडे काळजी घ्यायची ती वेगळी. रिमच्या पॅडचे पुढचे टोक मागच्यापेक्षा सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर आधी टेकले तर किंचाळी बंद होते. त्यासाठी मागच्या टोकाखाली जाड कागदाची दुहेरी घडी ठेवून बोल्ट आवळला की जमते. डिस्कमध्ये नवे पॅड जाड असल्याने आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने पिस्टन सरळ मागे ढकलावे लागतात. पॅडला बोट किंवा साखळीचे तेल लागू देऊ नये. तेल शोषलेला पॅड धुऊन पूर्ववत होईल, असे मी गृहीत धरत नाही, आणि रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर वेग धरून चालण्याइतका होईपर्यंत ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायचे नाही, असे वीसेक वेळा करावे, आधी एका चाकाने आणि मग दुसऱ्याने. भाचीने हे आमच्या सोसायटीमागच्या रस्त्यावर केले. पहिल्या सात-आठ वेळा पकड नरम होती आणि बाराव्या-तेराव्या वेळी ती घट्ट झालेली तिला हाताला जाणवली.